पत्रा चोवीस अंश, सचिव छत्तीस

नागपूरचा माणूस ऊन सहन करतो, पण उन्हाचा आकडा कमी निघालेला सहन करत नाही. चंद्रपूरचा पारा आपल्यापेक्षा अर्ध्या अंशाने वर गेला की पानठेल्यावर चेहरे उतरतात. “तिकडे खाणी आहेत ना जी, त्याच्यानं वाढते,” अशी एकमेकांची समजूत घातली जाते. म्हणूनच ३० मे २०२४ रोजी, ऐन नवतप्यात, शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस दाखवले, तेव्हा काही तास आमच्या छात्या फुगल्या होत्या. मे २०१३ मधला ४७.९ चा आपलाच विक्रम आपण आठ अंशांनी मोडला होता! मग हवामान खात्याने यंत्र तपासलं आणि सेन्सर बिघडल्याचं जाहीर केलं. आदल्या दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखवले होते. तेही तपासणीत सुमारे तीन अंशांनी जास्तीचे निघाले. दिल्लीचं तिनावर भागलं, आपलं मात्र दोन अंकी नुकसान झालं.

पण ते यंत्र निदान बिघडलेलं होतं. बिघडलेल्याने चुकीचं सांगितलं तर त्याला माफ करता येतं. मला सांगायचंय ते एका अगदी धडधाकट, नव्या कोऱ्या, वॉरंटीत असलेल्या यंत्राबद्दल. आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने मोबाइलला खाली टोचायचा थर्मल कॅमेरा आणला. पडद्यावर गरम वस्तू पिवळी-लाल दिसते, गार वस्तू निळी-जांभळी दिसते आणि मधोमध एक फुली असते. फुली ज्याच्यावर धराल त्याचं तापमान कोपऱ्यात उमटतं, तेही दशांश चिन्हासकट. दशांश चिन्ह आलं की मराठी माणूस शंका घेत नाही. ४९ वर वाद घालता येतो, ४९.३ पुढे मान तुकवावीच लागते.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी तो हवेत धरून पाहिला. आज किती आहे म्हणून. हवेत धरलं की समोरच्या भिंतीचं तापमान येतं, कारण हा कॅमेरा हवेचं तापमान मोजतच नाही. वस्तूच्या पृष्ठभागावरून जी अदृश्य उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर पडते ती तो गोळा करतो. साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या लाटा. जवळपासची हवा या लाटांना जवळजवळ पारदर्शक आहे, म्हणून कॅमेऱ्याच्या लेखी ती नाहीच. दर मे महिन्यात कोणीतरी डांबरी रस्त्यावर अशी बंदूक रोखून “नागपूर ६२ अंशांवर” असं सांगतो, त्याचंही तेच. डांबर ६२ असेलही. नागपूर ६२ नाही.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी शेजारच्या एसी लावलेल्या खोलीकडे खिडकीच्या काचेतून कॅमेरा रोखला, आत किती गार आहे ते बघायला. आत काहीच दिसलं नाही. काचेत रोखणाऱ्याचीच धूसर आकृती दिसली. काचेतून उजेड जातो, पण या लाटा जात नाहीत. काही काच गिळते, थोड्या परत फिरवते. शेजाऱ्यांचं खासगी आयुष्य सुरक्षित राहिलं.

इथवर सगळं करमणुकीचं होतं. तिसऱ्या दिवशी सचिव साहेबांनी कॅमेरा मागून घेतला, आणि प्रकरण कार्यकारिणीपर्यंत गेलं.

आमच्या दुचाकींच्या शेडवर जस्ताचे पत्रे आहेत. त्यांतल्या अर्ध्या पत्र्यांना काही वर्षांपूर्वी पांढरा ऑइल पेंट दिलेला आहे, आता तो मळून पिवळट झालाय. उरलेल्या अर्ध्यांच्या वेळी पैसे संपले, म्हणून ते उघडे, चकचकीत. उरलेला रंग द्यावा की नाही हा विषय दर वार्षिक सभेत येतो आणि चहाबरोबर संपतो. सचिवांनी ठरवलं की आता शास्त्रीय पद्धतीने निकाल लावायचा. दुपारी दोनला, हवेचं तापमान ४४ असताना, डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून ते गच्चीवर गेले. तिथून खाली कॅमेरा रोखला. रंगवलेला पत्रा ४९ अंश. उघडा पत्रा २४ अंश.

चोवीस! ज्या दुपारी कावळेसुद्धा जमिनीवर पाय ठेवत नव्हते, त्या दुपारी आमच्या शेडचा पत्रा महाबळेश्वरला होता. सचिवांनी पडद्याचे फोटो काढले, ग्रुपवर टाकले आणि खाली ठराव लिहिला: रंगामुळे पत्रा तापतो हे सिद्ध झालं असल्याने उरलेला रंग देऊ नये, आणि असलेला खरडून काढावा. खरडण्याचं कोटेशनही मागवलं.

ठराव संमत व्हायला काहीच हरकत नव्हती. हरकत घेतली ती वायरमनने. हा मनुष्य हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यांमध्ये पॅनेलची कामं करतो आणि रविवारी आमच्या पाण्याच्या मोटारी बघतो. फोटो बघून तो म्हणाला, “साहेब, चोवीस असन तर जरा हात ठेवून पाहा ना.” सचिवांनी हात ठेवला नाही, बोटाचं टोक टेकवलं. त्यानंतर त्यांनी जे उद्गार काढले ते इतिवृत्तात घेतलेले नाहीत.

आता कॅमेरा खोटं बोलला का? अजिबात नाही. पत्र्यावरून जेवढी किरणं आली तेवढी त्याने प्रामाणिकपणे मोजली. घोटाळा असा की ती किरणं पत्र्याची नव्हतीच.

कोणत्याही अपारदर्शक पृष्ठभागावरून कॅमेऱ्याकडे येणाऱ्या किरणांत दोन हिस्से असतात. एक त्या वस्तूची स्वतःची उष्णता आणि दुसरा समोरच्या गोष्टींचं प्रतिबिंब. स्वतःचा हिस्सा किती, याला उत्सर्जकता म्हणतात, एमिसिव्हिटी. ती शून्य ते एकच्या मध्ये असते. उत्सर्जकता ०.९ असेल तर दहातली नऊ किरणं वस्तूची आणि एक उसनी. दोन्ही मिळून नेहमी एकच होतात, त्यामुळे एक हिस्सा घटला की दुसरा वाढणारच. माणसाची कातडी ०.९८, म्हणजे जवळजवळ सगळं स्वतःचं. गिलावा, वीट, लाकूड, पाणी, कापड, ऑइल पेंट हे सगळे ०.९ च्या वर. आणि रंग पांढरा असो की काळा, या लांबीच्या लाटांना त्याने फारसा फरक पडत नाही. पण धातू घासूनपुसून चकचकीत केला की तो पार दुसऱ्या टोकाला जातो. चकचकीत ॲल्युमिनियम किंवा तांबं ०.०५ च्या आसपास, नवा जस्ताचा पत्रा साधारण ०.२ ते ०.३. काही नातेवाईक तासभर बोलतात आणि त्यात स्वतःच्या घरचं एक वाक्य नसतं, सगळं शेजाऱ्यांचं असतं. चकचकीत धातू त्यांच्यातला.

आमच्या पत्र्याची उत्सर्जकता ०.२५ धरा. म्हणजे तो चार किरणांतलं एक स्वतःचं सांगत होता आणि तीन दुसऱ्याचं. आणि हा दुसरा कोण? गच्चीवरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला पत्र्यात काय दिसणार? आकाश.

आणि आकाश गार असतं. हे नागपुरात मे महिन्यात बोललं तर लोक तोंडाकडे बघतात, पण निरभ्र, कोरड्या आकाशाकडे कॅमेरा धरून पाहा (सूर्याकडे मात्र चुकूनही धरू नका). त्या दुपारी तो पाच अंश दाखवत होता. सूर्याची ती एवढीशी चकती सोडली तर उरलेलं आकाश या लाटांच्या दृष्टीने फार थंड आहे, कारण त्यातून कॅमेरा वरच्या गार थरांपर्यंत आणि थोडा त्यापलीकडेही बघतो. हवेत दमटपणा आला, ढग आले, की तेच आकाश गरम दिसू लागतं. कोरड्या मे महिन्यात ते गार, जुलैच्या ढगात ते उबदार. निसर्गाने नागपूरकराची केलेली ही आणखी एक थट्टा.

हिशेब करून पाहू. किरणांचा जोर तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो, आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायचं. पत्रा खरोखर ६५ अंशांचा आहे असं धरलं, त्याचे पंचवीस टक्के आणि पाच अंशांच्या आकाशाचे पंच्याहत्तर टक्के मिसळले, आणि कॅमेऱ्याला मात्र समोर ०.९५ उत्सर्जकतेची वस्तू आहे असं वाटत असलं, तर उत्तर येतं बरोब्बर २४. रंगवलेल्या भागाचं तेच गणित उत्सर्जकता ०.९ धरून केलं तर खरे ५२ असताना कॅमेरा ४९ दाखवतो. म्हणजे रंगवलेला पत्रा तीन अंश लपवत होता आणि उघडा एक्केचाळीस. जो जास्त तापलेला होता तोच गार दिसत होता, आणि ठराव नेमका उलटा झाला होता.

यात आणखी एक गंमत आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते. उघडा पत्रा कॅमेऱ्याला गार दिसला त्याचं कारण आणि तो खरोखर जास्त तापला त्याचं एक मोठं कारण एकच आहे. ज्याची उत्सर्जकता कमी, त्याला आपली उष्णता किरणांनी बाहेर फेकता येत नाही. ऊन अंगावर घेतो आणि आत साठवून बसतो. रंगवलेला पत्रा ऊनही कमी घेतो आणि आपली उष्णता आकाशाला देऊन टाकतो. म्हणून चकचकीत पत्र्याकडे बघून “चमकतो आहे म्हणजे ऊन परतवतो आहे” असं वाटतं ते अर्धंच खरं.

वायरमनने पुढे जे केलं ते प्रत्येकाने शिकून घेण्यासारखं आहे. त्याने रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी घेतली, फिकट पिवळी, आणि उघड्या पत्र्यावर बोटभर तुकडा घट्ट दाबून चिकटवला. पाच मिनिटं थांबला. पट्टी पातळ असते, खालच्या धातूचं तापमान घेते, आणि तिची स्वतःची उत्सर्जकता ०.९ च्या वर. मग कॅमेरा धरला. निळ्या-जांभळ्या पत्र्याच्या मधोमध पट्टीचा एक लालभडक तुकडा आणि त्यावर साठीच्या पुढचा आकडा. सगळेजण पट्टीकडे असे बघत होते की जणू तिनेच पत्रा तापवला. एका सभासदाने तर पट्टी काढून टाका, पत्रा गरम होतोय, अशी सूचनाही केली.

सचिवांनी विचारलं, “ती काळी इन्सुलेशन टेप का नाही घेतली? तुमच्याकडे तर पेटी भरून असते.” प्रश्न चांगला होता. पॅनेलच्या खोलीत काळीच टेप वापरतात, तिची उत्सर्जकता ०.९५ च्या घरात असते आणि ती तिथे उत्तम चालते. पण उन्हात काळी टेप स्वतःच ऊन पिते, आणि खालच्या पत्र्यापेक्षा वर चढण्याचा संभव असतो. मग एक चूक काढून दुसरी घातल्यासारखं होतं. उन्हात फिकट पट्टी, सावलीत कुठलीही.

हे सगळं चालू असताना सचिव पत्र्यावर वाकून बघत होते आणि पडद्यावर उघड्या पत्र्यात एक मोठा उबदार डाग दिसू लागला. “इथे बघा, इथे तापलाय!” ते ओरडले आणि नीट बघायला बाजूला सरकले. डागही सरकला. ते डावीकडे गेले, डाग डावीकडे. वायरमन म्हणाला, “साहेब, ते तुम्हीच हाय.” पाच अंशांच्या आकाशाच्या जागी छत्तीस अंशांचे सचिव पत्र्यात उमटले होते. प्रतिबिंब ओळखायची याहून सोपी रीत नाही. तुम्ही हला, डाग तुमच्याबरोबर हलला तर तो वस्तूचा नाही. खरा तापलेला भाग जागचा हलत नाही.

आता कोणी म्हणेल, हे पत्र्याचं झालं, आमच्या घरी कुठे पत्रे आहेत? स्वयंपाकघरात जा. वहिनींनी चहाचं आधण उतरवलं, स्टीलचं पातेलं ओट्यावर ठेवलं, पाणी ९५ अंशांवर. पातेल्याच्या घासलेल्या चकचकीत बाजूवर फुली धरली तर कॅमेरा पन्नास-एक्कावन्न सांगतो. त्याच पातेल्याच्या काजळी धरलेल्या बुडाजवळ फुली नेली की नव्वदीच्या पुढे जातो. आत पाण्याच्या पृष्ठभागावर धरली तरी नव्वदीच, पण तिथे वाफ मध्ये येते. पातेलं एक, पाणी एक, तापमान एक. घासलेल्या आणि न घासलेल्या भागात चाळीस अंशांचा फरक. हाच प्रयोग जॉन लेस्ली नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८०४ च्या सुमारास केला होता. धातूचा चौकोनी डबा, आत गरम पाणी, एक बाजू चकचकीत, एक काजळीची. काळ्या बाजूकडून उष्णता भरभरून येते आणि चकचकीत बाजूकडून जेमतेम, हे त्याने दाखवलं. वहिनींचं म्हणणं, त्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईने रजा घेतली असणार.

इथे तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने मुद्दा काढला. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये उत्सर्जकता बदलता येते. मग पातेल्यासाठी ०.१५ टाका की, पट्टी कशाला? मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे मुद्दा कागदावर बरोबर होता.

टाकून बघा. पातेल्याची खरी उत्सर्जकता ०.१५, भोवतालच्या भिंती चाळीस अंशांच्या. दोन्ही आकडे अचूक टाकले तर ९५ येतात, शंकाच नाही. पण ०.१५ हे तुम्हाला कोणी सांगितलं? तक्त्यात स्टीलसाठी एक आकडा नसतो; घासण्याने, ओरखड्यांनी, तेलाच्या पुटाने तो बदलत राहतो. ०.१५ ऐवजी ०.१२ टाकलं तर कॅमेरा १०५ सांगतो. ०.२० टाकलं तर ८३. आणि उत्सर्जकता बरोबर टाकून भोवतालचं तापमान फक्त पाच अंशांनी चुकवलं, चाळीसच्या जागी पस्तीस टाकलं, तर उत्तर येतं १११. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे-सव्वातीनशे मीटरवर आहे, इथे पाणी ९९ च्या आसपास उकळतं. म्हणजे वहिनींचं पाणी १११ अंशांवर शांतपणे, एक बुडबुडा न काढता बसलेलं असणार. वस्तू स्वतःचं जेवढं कमी सांगते, तेवढी आपली प्रत्येक छोटी चूक फुगून बाहेर येते. म्हणून जाणकार लोक साधारण ०.५ च्या खालच्या उघड्या धातूवर आकडा वाचतच नाहीत. टेप लावतात, रंगाचा ठिपका देतात, किंवा शेजारी एखादा रंगवलेला नाहीतर गंजलेला भाग असेल तर तिथे मोजतात.

भोवतालचं तापमान मोजायचीही एक मजेशीर पण पक्की रीत आहे. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल घ्यायची, चोळामोळा करायची, पुन्हा उलगडून पुठ्ठ्यावर गुंडाळायची. चोळल्यामुळे ती एकाच दिशेचं न दाखवता सगळ्या बाजूंचं मिसळून परत पाठवते. वस्तूच्या जागी, वस्तूच्याच कलाने ती धरायची, कॅमेऱ्यात उत्सर्जकता १ करायची आणि वाचायचं. येतो तो आकडा म्हणजे परावर्तित तापमान. तो सेटिंगमध्ये टाकायचा आणि उत्सर्जकता परत जागेवर आणायची. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात.

आणि आता कारखान्यातून येताना कॅमेऱ्यात काय भरलेलं असतं ते बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये उत्सर्जकता ०.९५ आणि परावर्तित तापमान २० अंश. वीस! मे महिन्यात नागपुरात वीस अंशांची भिंत दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. हे सेटिंग ज्याने ठरवलं त्याने कधी कूलरची टाकी भरलेली नाही. गिलाव्यावर किंवा माणसावर मोजताना याने फारसं बिघडत नाही, कारण तिथे उसना हिस्सा पाच टक्केच असतो. धातूवर मात्र सगळा खेळ त्या उसन्या हिश्श्याचाच.

याचा खरा भुर्दंड बसतो तो विजेच्या पॅनेलमध्ये. वायरमनचा रोजचा कामधंदा तो, आणि त्याने सांगितलेली गोष्ट शेडच्या पत्र्यापेक्षा गंभीर आहे. कारखान्यांत दर वर्षी थर्मल कॅमेऱ्याने पॅनेल तपासतात. बोल्ट ढिला झाला की तिथला अवरोध वाढतो, सांधा तापतो, आणि वेळेवर कळलं नाही तर जळतो. कॅमेऱ्याने तो लांबूनच, चालू लोडवर दिसावा अशी अपेक्षा. पण बसबार चकचकीत तांब्याचा असतो.

पॅनेल रूम ४४ अंशांवर, सांधा खरोखर नव्वदीवर, तांब्याची उत्सर्जकता ०.०७. मूळ सेटिंगचा कॅमेरा सांगतो ४९. भिंतीपेक्षा पाचच अंश वर, म्हणजे ‘ठीक’. आणि तपासणारा गृहस्थ अगदी समोर उभा असेल तर त्याहून वाईट. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की चकचकीत बसबारमध्ये तपासनिसाच्या अंगाचं प्रतिबिंब गरम डाग म्हणून दिसतं, फसू नका. तिथे खोली वीसची आणि माणूस छत्तीसचा, त्यामुळे खरंच तसं दिसतं. नागपूरच्या मे महिन्यात खोली ४४ ची आणि माणूस घामाने भिजलेल्या शर्टासकट पस्तिसाचा. इथे माणूस हा खोलीतला गार पदार्थ आहे. त्याचं प्रतिबिंब बसबारमध्ये गार डाग होऊन पडतं, आणि तो डाग नेमका सांध्यावर आला तर नव्वदीचा सांधा ४१ दाखवतो. खोलीतल्या हवेपेक्षाही गार! पुस्तक वाचून आलेला माणूस गरम डागापासून सावध राहतो आणि गार डागाला टिकमार्क करून पुढे जातो. शेडच्या पत्र्यात पाच अंशांच्या आकाशाखाली गरम ठरलेले आमचे सचिव पॅनेल रूममध्ये गार ठरले असते. माणूस तोच, भोवताल वेगळा.

मग वायरमन काय करतो? तो तांब्याकडे बघतच नाही. सांध्याला लागून केबलचं काळं इन्सुलेशन जिथे सुरू होतं तिथे बघतो. तांबं उष्णता झपाट्याने वाहून नेतं, त्यामुळे सांधा तापला की त्याला जोडलेल्या केबलचं आवरणही तापतं, आणि ते आवरण खरं बोलतं. आर, वाय आणि बी अशा तिन्ही फेजच्या आवरणांची तुलना करतो. तिघांवर लोड सारखा असताना एकच वर गेला असेल तर तिथे काहीतरी आहे. पॅनेल बंद ठेवायची संधी मिळाली की नेमक्या सांध्यांवर काळ्या टेपचे तुकडे लावून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी काम सोपं. चालू पॅनेलमध्ये टेप लावायला जाऊ नये, हे तो दोनदा सांगतो. आणि समोर उभा न राहता जरा तिरका उभा राहतो, स्वतःचं प्रतिबिंब टाळायला. फार तिरकंही चालत नाही. साठ अंशांच्या पलीकडे कललं की ०.९५ वाली वस्तूसुद्धा जास्त परावर्तन करू लागते.

जुन्या, काळवंडलेल्या तांब्यावर हा त्रास कमी असतो. त्याची उत्सर्जकता ०.६-०.७ पर्यंत चढलेली असते. एका कारखान्यात पाहुणे येणार म्हणून कोणीतरी बसबार पॉलिश करून घेतले, आणि त्या वर्षीच्या तपासणीत सगळे सांधे एकदम ‘सुधारले’. व्यवस्थापनाने देखभाल विभागाचं कौतुक केलं म्हणे. वायरमन हे सांगताना हसत नव्हता, म्हणून आम्हीही हसलो नाही, निदान त्याच्यासमोर.

आमच्या सोसायटीचं म्हणाल तर खरडण्याचं कोटेशन परत गेलं. उरलेल्या पत्र्यांना पांढरा रंग द्यायचा ठराव मांडला गेला, आणि तो पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.

तुमच्या सोसायटीत किंवा कारखान्यात कोणी लाल-निळ्या चित्रांचा जाडजूड अहवाल आणून दिला तर चित्रांवर भाळू नका. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, उत्सर्जकता आणि परावर्तित तापमान असे दोन रकाने शोधा. उघड्या तांब्याच्या प्रत्येक फोटोखाली ०.९५ आणि २० असं छापलेलं असेल, आणि तपासणीची तारीख मे महिन्यातली असेल, तर बिल थांबवा आणि त्या माणसाला टेपचं एक भेंडोळं देऊन परत पाठवा.